‘Hi’ लिहिणाऱ्याला पहिल्या संदेशात काय दाखवायचं?

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर डोळ्यांसमोर आणा. त्यावर नव्या माणसाचा पहिला संदेश अनेकदा नुसता ‘Hi’ असतो, नाहीतर ‘rate’ किंवा ‘भाव?’. तो मुद्दाम तुटक लिहीत नाही. दुकानात शिरलं की रचलेले गठ्ठे दिसतात, गल्ल्यावर कोण बसलंय ते कळतं, शेजारचं गिऱ्हाईक काय विचारतंय ते कानावर पडतं. त्यावरून आपण काय विचारायचं हे आपोआप सुचतं. चॅटमध्ये यातलं काहीच नसतं, समोर फक्त रिकामी चौकट असते. म्हणून तो दार वाजवतो आणि थांबतो. आतून जे पहिलं उत्तर येतं, त्यावर पुढचं सगळं संभाषण ठरतं.

आणि आतून येतं काय? ‘नमस्कार! आमच्या दालनात आपले मनःपूर्वक स्वागत आहे. आपल्या सेवेत आम्ही सदैव तत्पर आहोत. कृपया आपली पृच्छा नोंदवा.’ तीन वाक्यं झाली, पण विचारायचं काय हे त्याला आधीही ठाऊक नव्हतं आणि आताही नाही. शिवाय फोनच्या वरच्या पट्टीत आणि चॅटच्या यादीत संदेशाची फक्त सुरुवात दिसते, तिथं ‘नमस्कार! आमच्या दालनात आपले’ एवढंच उमटतं. सगळ्यात मोलाची जागा स्वागतात गेली. वापरायला सोपी रचना कशी करावी याची दहा तत्त्वं जेकब नीलसन यांनी 1994 मध्ये मांडली. त्यातलं एक इथं तंतोतंत लागू पडतं: माणसाला आठवायला लावण्यापेक्षा समोर ठेवून ओळखायला द्यावं. ‘काय मदत करू?’ हा प्रश्न आठवायला लावतो. चार नमुना-प्रश्न समोर ठेवले की माणूस त्यातला आपला ओळखतो.

हे चार प्रश्न कुठून आणायचे, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. मालकाला विचारलं तर तो दुकानाच्या फळ्यांप्रमाणे सांगेल: चादरी, टॉवेल, नॅपकिन, सतरंज्या, घाऊक, किरकोळ. ही मालाची विभागणी झाली. गिऱ्हाइकाच्या मनात माल नसतो, काम असतं. त्यासाठी मागची 200 संभाषणं उघडावीत आणि प्रत्येकातला पहिला संदेश सोडून खरा प्रश्न शोधावा. ‘Hi’, मग ‘हॅलो’, मग ‘चादर आहे का’ आणि चौथ्या-पाचव्या ओळीला ‘घरचं लग्न आहे, आहेराला टॉवेल-टोपी 100 जोड लागतील’ असं काहीतरी सापडतं. तो चौथा संदेश कागदावर जसाच्या तसा उतरवावा, चुकीच्या शुद्धलेखनासकट, रोमनमध्ये असेल तर रोमनमध्येच. मग चिठ्ठ्यांचे ढीग लावावेत.

चादरीच्या दुकानात साधारण पाच ढीग पडतात. भाव, आणि त्यातही बहुतेकदा ‘अमुक नग, अमुक गावी, सगळं मिळून किती’ असा. आहेराची किंवा सत्काराची ठरावीक तारखेची ऑर्डर. पाठवलेला माल कुठवर आला. माल खराब निघाला. आणि सोलापूरचा खास असा पाचवा ढीग: तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून येणारी मंडळी विचारतात की दुकान स्टेशनपासून किती लांब आहे, रविवारी उघडं असतं का. फळ्यांप्रमाणे विचार करणाऱ्या मालकाच्या यादीत हा ढीग कधीच येत नाही, कारण त्यात मालच नाही.

ढीग लागले की एक कठोर काम करायचं. प्रत्येक ढिगावर विचारायचं, याचं उत्तर दुकानाची ही व्हॉट्सॲप सेवा आज खरोखर देते का? पार्सल कुठवर आलं हे बघायची सोय नसेल, तर तो नमुना पहिल्या संदेशात येता कामा नये, मग तो ढीग कितीही मोठा असो. दाखवलेला नमुना म्हणजे दिलेला शब्द. नव्या माणसाने तुमचाच नमुना वापरला आणि ‘क्षमस्व, समजले नाही’ असं उत्तर आलं, तर तो पुन्हा काही विचारायला धजावत नाही. आपण वेगळं काही लिहिलं आणि उत्तर मिळालं नाही, तर माणूस स्वतःची चूक समजून दुसऱ्या शब्दांत विचारून बघतो. दिलेल्या नमुन्यालाच उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्यांदा काय बदलून विचारायचं हेच त्याला कळत नाही.

आता लिहिण्याकडे वळू. नमुना-प्रश्न हा साचा असतो. काय विचारायचं हे तो सांगतोच, पण किती तपशिलात विचारायचं हेसुद्धा गुपचूप शिकवतो. ‘चादरीचा भाव?’ असा नमुना दिला तर लोकही तेवढंच लिहितील. मग दुकानाला विचारावं लागेल: सिंगल की डबल? किती नग? कुठल्या गावी? चार फेऱ्या होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला लोक गळतात. त्याऐवजी नमुना असा द्यावा: ‘डबल चादर 25 नग, बार्शीला पोहोच. एकूण किती पडेल?’ प्रकार, संख्या, गाव, तिन्ही गोष्टी एकाच ओळीत आल्या. कुठेही ‘कृपया संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहावं लागलं नाही. ज्याला पंढरपूरला दहा नग पाहिजेत, तो हाच साचा उचलून आपले शब्द भरतो.

पण साच्याला दुसरी बाजूही आहे. चारही नमुने भावाचे असले तर माणूस समजतो, इथं फक्त भाव विचारायचा. चादर खराब निघाली तरी तो या नंबरवर लिहीत नाही, ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतो. म्हणून चार नमुने चार वेगळ्या कामांचे असावेत आणि एकमेकांपासून लांबचे असावेत. सिंगल चादरीचा भाव आणि डबल चादरीचा भाव हे दोन नमुने ठेवले तर एक जागा वाया गेली. चारपेक्षा जास्तही नकोत. सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत नजर जाते तेव्हा पहिली ओळ विसरलेली असते, आणि छोट्या फोनवर ती वर सरकून गेलेली असते.

सेवा काय करत नाही, हेही पहिल्याच संदेशात यावं, पण एकाच ओळीत आणि पुढची वाट दाखवून. घासाघीस आणि उधारी चॅटवर ठरत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं आणि कुणाशी बोलायचं तेही लिहावं. ‘नाही’ लिहायला दुकानदार कचरतात, गिऱ्हाईक दुखावेल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धा तास टाइप करून शेवटी ‘हे इथं होत नाही’ ऐकणारा माणूस जास्त दुखावतो. उत्तरं आपोआप येतात की माणूस देतो, हेही सांगायलाच हवं. आपोआप येणाऱ्या उत्तराला माणूस समजून लोक घरगुती अडचण, लग्नाची गडबड, सगळं सविस्तर लिहितात, आणि ते कुणी वाचतच नाही.

सगळं जुळवून संदेश असा होतो:

‘चादर-टॉवेलचा भाव, ऑर्डर, बदली: इथं विचारा. पहिलं उत्तर आपोआप येतं. असं लिहिता येईल:
▪ डबल चादर 25 नग, बार्शीला पोहोच. एकूण किती पडेल?
▪ टॉवेल-टोपी 100 जोड, लग्न 12 तारखेला. वेळेत मिळतील का?
▪ धुतल्यावर चादरीचा रंग गेला. बदलून मिळेल का?
▪ रविवारी दुकान उघडं असतं का? स्टेशनहून कसं यायचं?
फोटो पाठवला तरी चालेल. सूट आणि उधारीचं बोलायला ‘माणूस’ असं लिहा, सकाळी 10 ते रात्री 8 मध्ये दुकानातून उत्तर येईल.’

पहिली ओळ पाहा. फोनच्या पट्टीत तेवढीच दिसली तरी काम भागतं. ‘तक्रार’ हा शब्द कुठेच नाही, ‘रंग गेला’ असं आहे. तक्रार म्हटलं की माणसाला वाटतं आता भांडण करायचं, अर्ज करायचा. रंग गेला, शिवण उसवली, नग कमी आले, असं नाव दिलं की तो सहज लिहितो. ‘आपण’ऐवजी क्रियापदात लपलेलं ‘तुम्ही’ आहे, तेच सोलापूरच्या बाजारात चालतं. फोटोची ओळही हवीच, कारण चादरीचं डिझाइन शब्दांत सांगणं अवघड आणि लोक शेजारणीकडच्या चादरीचा फोटो काढून पाठवायला बघत असतात, पण चालेल की नाही या विचाराने थांबतात.

व्हॉइस मेसेजचं आधी ठरवावं लागतं. टाइप करायला न आवडणारी माणसं बोलूनच पाठवणार. तो ऐकायची सोय असेल तर संदेशात लिहा, नसेल तर तेही लिहा. मोठ्या धंद्यांसाठी जी व्हॉट्सॲपची एपीआय सेवा असते, म्हणजे धंद्याची स्वतःची संगणक-यंत्रणा व्हॉट्सॲपला जोडायची सोय, तिथं गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशानंतर 24 तासच मोकळेपणाने उत्तर देता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद संदेशच पाठवता येतो. शनिवारी रात्री आलेला व्हॉइस मेसेज सोमवारी ऐकला तर ती मुदत उलटलेली असते. तेव्हा वेळेचं जे आश्वासन द्याल ते या 24 तासांत बसणारं हवं.

हा मजकूर कुठे टाकायचा, यावरही त्याचं रूप बदलतं. फुकट मिळणाऱ्या व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये स्वागत-संदेशाची सोय आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा 14 दिवस काहीच बोलणं झालं नसेल त्याला, तो आपोआप जातो. तिथं नेहमी एक चूक होते: ‘भावासाठी 1 दाबा, ऑर्डरसाठी 2 दाबा’. साध्या स्वागत-संदेशामागे 1 आणि 2 ओळखणारं काहीच जोडलेलं नसतं. माणूस 1 लिहितो आणि वाट बघत बसतो. त्या ॲपवर आकडे देऊ नयेत, नमुना-प्रश्नच द्यावेत. शिवाय तो संदेश समोरच्याने काय लिहिलंय हे न बघता जातो. कुणी पहिल्याच फटक्यात ‘25 डबल चादरी पाहिजेत, लातूर’ लिहिलं, तर त्यालाही तोच मजकूर मिळणार. म्हणून मजकुराचा सूर असा असावा की नेमकं विचारलेल्या माणसालाही तो खटकू नये. ‘तुमचा प्रश्न कळला नाही’ असा भाव त्यात येऊ देऊ नका.

एपीआयवर दोन जास्तीच्या गोष्टी मिळतात. पहिली, गिऱ्हाइकाने काही लिहिण्याआधीच चॅटमध्ये दाबण्याजोगे तयार प्रश्न दाखवता येतात, जास्तीत जास्त चार, प्रत्येकी 80 अक्षरांपर्यंत. खरं पाहता हाच सुरुवातीचा पडदा. मात्र वर सांगितलेला साच्याचा नियम इथं उलटतो. दाबलेला प्रश्न जसाच्या तसा पाठवला जातो. तिथं ‘डबल चादर 25 नग, बार्शीला’ लिहिलंत तर सांगलीचा माणूसही तेच दाबेल आणि दुकान बार्शीचा हिशेब करत बसेल. म्हणून वाचायच्या नमुन्यात तपशील ठासून भरावा, दाबायच्या प्रश्नात तो अजिबात ठेवू नये. तिथं ‘चादरीचा भाव विचारायचा आहे’ एवढंच असावं आणि तपशील पुढच्या संदेशात मागावा.

‘विचारायचा आहे’ ही रचना मराठीत आणखी एका कारणाने सोयीची आहे. ‘मी भाव विचारतोय’ लिहिलं तर दाबणारी बाई असली की ते तिच्या तोंडी बसत नाही. ‘भाव विचारायचा आहे’, ‘माल बदलून हवा आहे’ यांत बोलणारा स्त्री की पुरुष हा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे संदेशाखालची बटणं. एका संदेशाला जास्तीत जास्त तीन, आणि बटणावर 20 अक्षरं. मराठीत लिहिणारा इथं हमखास अडकतो, कारण संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त ही सगळी स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजतो. ‘मागवलेल्या मालाची स्थिती’ हे डोळ्याला जागा धरून 12 घरं वाटतं, संगणकाला 24. मर्यादा ओलांडली की बटण कापलं जात नाही, पूर्ण संदेशच नाकारला जातो. तो गेलाच नाही हे दुकानाला कळायलाही वेळ लागतो. मोजणं सोपं आहे:

```python
print(len("मागवलेल्या मालाची स्थिती"))  # 24
print(len("माल कुठवर आला?"))            # 14
```

मोजून पाहिल्यावर जो मजकूर बसतो, तो बहुतेक वेळा बोलीतला निघतो. संस्कृत शब्दांत जोडाक्षरं जास्त, म्हणून ते लवकर हद्द गाठतात.

तीन बटणं कोणती ठेवायची? ‘भाव विचारायचा आहे’ (17), ‘माल कुठवर आला?’ (14) आणि ‘माणसाशी बोलायचं आहे’ (19). माल कुठवर आलाचं बटण अर्थातच पार्सलची माहिती जोडलेली असेल तरच. बदलीचं बटण ठेवलेलं नाही, कारण खराब मालाचा फोटो शेवटी माणसालाच बघावा लागतो. ते काम तिसऱ्या बटणातून गेलेलं बरं. माणसाचं बटण पहिल्या पडद्यावर ठेवायला काहीजण विरोध करतात, सगळे तेच दाबतील म्हणून. सगळे तेच दाबत असतील तर दोष बटणाचा नाही, वरचे नमुने कुणाच्या कामाचे नाहीत असा त्याचा अर्थ आहे.

गिऱ्हाईक कुठून आलं हे आधी कळलं तर पहिला संदेश आणखी नेमका होतो. व्हॉट्सॲपचा दुवा तयार करताना त्यात आधीच मजकूर भरून ठेवता येतो. बिलावर छापायच्या क्यूआर कोडात एक मजकूर, दुकानाच्या दारावरच्या कोडात दुसरा. देवनागरी मजकूर दुव्यात घालण्यापूर्वी त्याचं रूपांतर करावं लागतं:

```python
from urllib.parse import quote
print("https://wa.me/91XXXXXXXXXX?text="
      + quote("बिलावरची चादर बदलून हवी आहे"))
```

बिलावरचा कोड उघडणाऱ्याने माल घेतलेलाच असतो, त्याला भाव दाखवून उपयोग नाही. तिथं पहिलाच संदेश ‘बिलाचा आणि चादरीचा फोटो पाठवा’ असा असू शकतो, आणि ‘Hi’ची फेरीच वाचते.

सोलापुरात भाषेचा प्रश्न टळत नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू आहे, सीमेपलीकडून कन्नड बोलणारे येतात, उर्दू-हिंदी बाजारात सगळीकडे आहे. म्हणून कित्येक जण सुरुवातच ‘भाषा निवडा’ अशी करतात. तो पडदा माणसाला काहीच देत नाही, फक्त एक पायरी वाढवतो. बरं असं की मराठीत पूर्ण संदेश द्यावा आणि तळाशी त्या-त्या लिपीत एकेक ओळ, ‘तेलुगूत लिहिलं तरी चालेल’ अशा अर्थाची. पण दुकानात तेलुगू वाचणारं कुणी असेल तरच. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी तर ओळखता आलंच पाहिजे: ‘double chadar kiti la’ हा प्रश्न रोज येणार.

मजकूर झाला की तो न पाहिलेल्या पाच-सहा माणसांना दाखवावा. नवी पेठेतला एखादा दुकानदार, एखादी शिक्षिका, एखादा रिक्षावाला, म्हणजे एकाच घरातले सगळे नकोत. दहा सेकंद फोन हातात द्यावा, मग पडदा झाकून विचारावं, या नंबरवर काय-काय विचारता येईल? तीन कामं सांगता आली तर ठीक. फक्त ‘भाव’ आला तर बाकीचे नमुने नजरेत भरत नाहीत. नंतर प्रसंग द्यावा, पण संदेशातले शब्द न वापरता. ‘माल कुठवर आला ते विचारा’ असं सांगितलं तर तो शब्द शोधून बटण दाबेल आणि तुम्हाला वाटेल सगळं झकास. ‘मंगळवारी 40 टॉवेल मागवले, आज शनिवार, अजून काही आलं नाही, काय कराल?’ असं सांगावं आणि गप्प बसावं. बोट कुठे थबकतं तिथं मजकूर चुकलाय.

सेवा सुरू झाल्यावर पहिले 100 नवे लोक बघावेत आणि त्यांचा दुसरा संदेश कोणता होता ते टिपावं. दुसरा संदेश आलाच नाही, तर मजकूर लांब किंवा अनोळखी आहे. दुसराही ‘Hi’ किंवा ‘?’ असेल, तर त्यांनी वाचलंच नाही, पहिली ओळ बदलून पाहा. पूर्ण प्रश्न आला पण गाव किंवा नग नाही, तर नमुन्यातल्या तपशिलाचा क्रम बदलून गाव पुढे आणा. आणि सेवेबाहेरचं काही पुन्हा पुन्हा विचारलं जात असेल, समजा साड्या, तर दुकानाच्या नावावरून किंवा फोटोवरून तसा समज होतोय. तो मजकुरात एका शब्दाने दुरुस्त होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

नमुने हंगामाप्रमाणे फिरवायचे असतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत ‘दुकान उघडं आहे का’ हा नमुना वर घ्यावा, लग्नसराईच्या तोंडावर टॉवेल-टोपीचा. तारीख असलेला नमुना लिहिताना तो कधी काढायचा हेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं, कारण जूनमध्ये ‘गड्ड्याला दुकान उघडं आहे’ वाचणाऱ्याला वाटतं की हा नंबर आता कुणी बघत नाही.